कंडेन्सर अकराव्या ओळीत

रात्री पावणेबाराला मामांच्या फोनवर एका अनोळखी शेतकऱ्याचा आवाज आला. माणूस रागावलेला नव्हता, नुसता हबकला होता. "तुमचाच व्हिडिओ लावून काम करत होतो," तो म्हणाला. "मेन पाडला होता. तरी दणका बसला."

मामांनी पहिला प्रश्न विचारला तो हाताचा. हात बरा आहे म्हटल्यावर दुसरा विचारला, "कंडेन्सरच्या टोकांना बोट लागलं का?" लागलं होतं. "मग ते मी सांगितलंय की व्हिडिओत," मामा म्हणाले. पलीकडून शांतपणे प्रश्न आला, "कुठं?"

मिरजेपासून थोड्या अंतरावर रस्त्याला लागून मामांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. तीसेक वर्षं त्यांनी जळालेल्या मोटरींची तार काढली आणि नवी भरली. बोलायला ते मोकळे, म्हणून त्यांच्या मुलानं चार वर्षांपूर्वी फोन तिपाईवर लावून त्यांचे व्हिडिओ काढायला सुरुवात केली आणि यूट्यूबवर एक चॅनेल उभं केलं. मुलगा पुढं नोकरीला लांब गेला. व्हिडिओ मामा स्वतः काढायला शिकले, पण खालचा मजकूर लिहायचं काम नको म्हणाले. ते माझ्याकडे आलं, कारण मी पोटापाण्यासाठी मुद्रितं तपासतो. "तुझं कामच हाय शब्द बघायचं," एवढ्या एका युक्तिवादावर. मी ते घेतलं खरं, पण त्या फोनपर्यंत त्याकडं नीट बघितलं नव्हतं. मुलानं बसवून दिलेला साचा होता, तो प्रत्येक व्हिडिओला आपोआप लागायचा आणि मी त्यात दोनचार ओळींची भर घालायचो.

दुसऱ्या दिवशी दुकानातल्या जुन्या संगणकावर तो व्हिडिओ उघडला. अकरा मिनिटांचा. मामांनी खरोखर सांगितलं होतं, अगदी बजावून सांगितलं होतं: मेन बंद केला तरी कंडेन्सर आत वीज धरून ठेवतो, साध्या पिवळ्या बल्बच्या होल्डरच्या दोन वायरी त्याच्या दोन टोकांना काही सेकंद लावायच्या, मगच हात घालायचा. एलईडी बल्ब चालत नाही, कारण विजेचा दाब थोडा उतरला की तो वीज घेणं थांबवतो आणि उरलेली वीज आतच राहते. हे सगळं ३ मिनिटं २० सेकंदांवर होतं. आणि वर्णनात आम्ही वेळेचे टप्पे दिले होते ते असे:

```
0:00 नमस्कार
1:05 मोटरचा आवाज ओळखा
2:40 तपासणी
4:10 कंडेन्सर बदलणे
```

यूट्यूबला असे निदान तीन टप्पे लागतात, पहिला 0:00 वर असावा लागतो आणि प्रत्येक टप्पा कमीत कमी दहा सेकंदांचा. हे नियम मुलानं बरोबर पाळले होते. त्यामुळं प्रेक्षकाला थेट 4:10 वर उडी मारायची सोय झाली. त्या शेतकऱ्यानं तेच केलं. रात्रपाळीची वीज, पिकाला पाणी द्यायचं, पेटीपुढं एका हातात फोन. तो तपासणी कशाला बघत बसेल? कंडेन्सरच गेलाय हे त्याला आधीच माहीत होतं. आम्ही त्याला धोक्याच्या सूचनेवरून उचलून नेमकं धोक्याच्या पुढं नेऊन ठेवलं होतं.

लेखी सूचनाही होती. वर्णनाच्या अकराव्या ओळीत. तिच्या वर काय काय होतं ते मी मोजून काढलं. "नमस्कार मंडळी, आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत." मग चॅनेल आवडलं तर काय काय दाबायचं त्याच्या दोन ओळी. मग हॅशटॅगांची रांग. मग दुकानाचा पत्ता, वेळ, आठवड्याची सुट्टी, फोन, एक रिकामी ओळ आणि सणाच्या शुभेच्छा, ज्या दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून काढायच्या राहून गेल्या होत्या.

संगणकावर व्हिडिओच्या खाली एक राखाडी चौकट दिसते. वर किती जणांनी बघितला आणि कधी टाकला हे असतं, त्याखाली वर्णनाच्या पहिल्या दोनतीन ओळी आणि शेवटी `...more`. त्यावर टिचकी मारली तरच बाकीचं उलगडतं. मामांना तोवर वाटत होतं की लिहिलेलं सगळं सगळ्यांना दिसतं. चौकटीकडं बोट दाखवून ते म्हणाले, "म्हंजे एवढ्या वर्षांत लोकांनी फक्त 'नमस्कार मंडळी' वाचलंय?"

मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोन काढला. तिथं तर नमस्कारही नव्हता. ॲपमध्ये शीर्षकाखाली प्रेक्षकांची संख्या, व्हिडिओचं वय आणि तेच `...more`, एवढंच. मी जरा खट्टू झालो. ज्या दोन ओळींची फेरमांडणी करायला आम्ही बसलो होतो, त्या बहुतेक प्रेक्षकांच्या डोळ्यापुढं येणारच नव्हत्या.

पण त्या शेतकऱ्याला व्हिडिओ मिळाला कुठून? मामांनी त्याला परत फोन लावून विचारलं. गावातल्या व्हॉट्सॲप गटावर कुणीतरी दुवा टाकला होता. मी मामांच्या फोनवरून मलाच तो दुवा पाठवून बघितला. चित्र आलं, त्याखाली शीर्षक, आणि शीर्षकाखाली बारीक अक्षरांत "नमस्कार मंडळी, आपलं सगळ्यांचं मनापासून स्वागत" आणि तीन टिंबं. म्हणजे दुवा कुणी उघडण्याआधीच वर्णनाचं तोंड पुढं येतं. संगणकावर यूट्यूबमध्ये काही शोधलं, तर यादीतही शीर्षकाखाली वर्णनातला तुकडा दिसतो. तो कधी सुरुवातीचा असतो, तर कधी शोधलेला शब्द जिथं असेल तिथला.

तर जागा तीन होत्या: संगणकावरची चौकट, संगणकावरची शोधयादी आणि व्हॉट्सॲपवरचं पूर्वदर्शन. मामांच्या गिऱ्हाइकांसाठी तिसरी सगळ्यात मोठी. ॲपमध्ये वर्णन झाकलेलं राहणार हे गृहीत धरून तीच सूचना आम्ही व्हिडिओखालच्या टिप्पण्यांत सगळ्यात वर अडकवली आणि टप्प्यांमध्ये 3:20 ला नवा टप्पा घातला, "आधी हे: कंडेन्सर डिस्चार्ज करा". आता 4:10 वर उडी मारणाऱ्याच्या नजरेला निदान तो शब्द लागेल.

पहिला मसुदा मी लिहिला. मला वाटलं, आधी चुकीच्या माणसाला बाहेर काढावं. थ्री फेज मोटरला असा कंडेन्सर नसतो. तिचं दुखणं वेगळं, पेटी वेगळी. तरी थ्री फेजवाले हा व्हिडिओ बघून फोन करायचे आणि मामा वैतागायचे. म्हणून मी पहिली ओळ केली: "या व्हिडिओतली पद्धत विहिरीवरच्या किंवा बोअरमधल्या थ्री फेज मोटरला लागू नाही." छापून आली असती तर या वाक्यावर मी शाई खर्च केली नसती. निर्दोष वाक्य. दुवा परत स्वतःला पाठवला. पूर्वदर्शनात आलं:

"या व्हिडिओतली पद्धत विहिरीवरच्या किंवा बोअरमधल्या थ्री फेज मोटरला लागू…"

मामांनी चष्मा वर करून ते मोठ्यानं वाचलं. "हे तर उलटं झालं की!"

इतकी वर्षं मुद्रितं तपासून मला हे कधी सुचलं नव्हतं, कारण कागदावर वाक्य तुटत नाही. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागं उभा असतो. वाक्याचं सगळं वजन ज्या "नाही"वर, तोच कात्रीत पहिला सापडतो. "मेन बंद केल्याशिवाय पेटीत हात घालू नका" हे वाक्य जरा आधी तुटलं तर "मेन बंद केल्याशिवाय पेटीत हात घालू" एवढंच उरतं. बरं, तुटण्याची जागा आपल्या हातात नसते. फोन केवढा, त्यावर अक्षर किती मोठं ठेवलंय, यावर ती हलते. मामांच्या फोनवर अक्षर मोठं, माझ्यावर बारीक. एकच ओळ दोन ठिकाणी तुटत होती. म्हणून आम्ही एक चाळणी ठरवली. ओळ लिहायची, मग शेवटाकडून एकेक शब्द बोटानं झाकत जायचं. कुठल्याही टप्प्यावर अर्थ उलटा होत असेल तर ओळ बाद. अर्थ अपुरा राहिला तर चालेल, उलटा झालेला चालणार नाही.

या चाळणीतून जाण्यासाठी नकार होकारात बदलावे लागले. "थ्री फेजला लागू नाही"चं "फक्त सिंगल फेज" झालं. यातला "फक्त" पहिलाच शब्द, त्यामुळं पुढं कुठंही कापलं तरी तो शाबूत. "डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावू नका"चं "आधी डिस्चार्ज करा, मग हात लावा" झालं. कामाचा क्रमच वाक्याचा क्रम झाला आणि मामांना ते बोलण्यासारखं वाटलं, नाहीतर माझी आधीची वाक्यं त्यांना "तहसीलदारासारखी" वाटत होती.

आता पहिल्या ओळीत काय आणि दुसऱ्या ओळीत काय? इथं आमचं वाजलं. मला वाटत होतं की पहिल्या ओळीत मोटरचं लक्षण यावं: मोटर आवाज करते, फिरत नाही. वाचणाऱ्याला आधी कळायला हवं की हे आपल्यासाठी आहे. मामा म्हणत होते, झटका आधी. दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. तोडगा निघाला तो पूर्वदर्शनाकडं पुन्हा बघितल्यावर. वर्णन एकटं कुठंच दिसत नाही. चौकटीत, यादीत, व्हॉट्सॲपवर, सगळीकडं त्याच्या डोक्यावर शीर्षक असतंच. शीर्षकाला शंभर चिन्हांची मुभा आहे आणि आमचं शीर्षक होतं "मोटर दुरुस्ती भाग १७". भाग सतरा! रात्री पेटीपुढं उभ्या असलेल्या माणसाला भाग सोळा बघितला का हे विचारण्यासारखं ते होतं. लक्षण शीर्षकात न्यायचं ठरलं आणि पहिली ओळ मोकळी झाली.

लक्षणाचे शब्द मात्र सहज सापडले नाहीत. मामांच्या तोंडात "मोटर उचलत नाही". दुकानात त्याचा अर्थ मोटर सुरूच होत नाही असा. पण शेतकरी तेच शब्द मोटर छान फिरते, पण पाणी वर येत नाही, अशा वेळीही वापरतो. ते दुखणं पाइपात हवा शिरल्याचं किंवा फूट व्हॉल्व्हचं, ज्याला मामांकडं येणारे बरेच जण सरळ "फुटबॉल" म्हणतात. कंडेन्सरचा तिथं संबंध नाही. मग मी "मोटर घुमते" सुचवलं. मामांनी मान हलवली. सीमेकडची आणि हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं घुमते म्हणजे फिरते असं समजतील, आणि आपल्याला तर ती फिरत नाही हेच सांगायचंय. शेवटी मोटर जो आवाज करते तोच लिहिला: "घूं". त्यात कुणाचा गोंधळ होण्यासारखं काही नव्हतं.

कपॅसिटर की कंडेन्सर, यावर माझ्यातला मुद्रितशोधक जागा झाला. पुस्तकातला शब्द कपॅसिटर. पण पंख्याचा असो की मोटरचा, दुकानात मागताना लोक कंडेन्सर म्हणतात आणि तसंच शोधतात. यूट्यूब स्टुडिओमध्ये प्रेक्षक कुठले शब्द टाइप करून व्हिडिओपर्यंत आले त्याची यादी मिळते. त्या यादीत `motor chalu hot nahi`, `motor condenser kasa badlaycha` अशा रोमन लिपीतल्या मराठी ओळी भरपूर होत्या, देवनागरी त्या मानानं थोडं. माझा जीव तुटला, पण इलाज नव्हता. त्या रोमन शब्दांना वर्णनात जागा दिली ती सहाव्या ओळीत, एका साध्या वाक्यात गुंफून, वरच्या दोन ओळींत नाही. शोधणाऱ्या यंत्राला सहावी ओळही वाचता येते. माणसाला वाचता येतात त्या पहिल्या दोनच. नुसती शब्दांची माळ करून वर टांगणं यूट्यूबच्या नियमांतही बसत नाही. वर्णनात भरमसाट टॅग कोंबलेले त्यांना चालत नाहीत.

तर अखेर जे उभं राहिलं ते असं. शीर्षक: "मोटर नुसती घूं करते, फिरत नाही? कंडेन्सर बदलण्याची रीत (सिंगल फेज)". पहिली ओळ: "मेन पाडला तरी कंडेन्सर झटका देतो, आधी साध्या बल्बनं डिस्चार्ज करा, मग हात लावा." दुसरी ओळ: "फक्त सिंगल फेज. नवा कंडेन्सर जुन्याच एमएफडीचा घ्या. बदलूनही घूं राहिली तर बेअरिंग आणि वायंडिंग बघा."

पहिली ओळ ७९ चिन्हांची आहे, काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरातला मोडका पाय वेगवेगळा मोजून. तिच्यात आधी धोका आहे, मग उपाय. शेवटाकडून झाकत गेलं तर "मेन पाडला तरी कंडेन्सर झटका देतो" एवढं उरतं आणि तेवढंही पुरतं. दुसऱ्या ओळीत मी गुपचूप एक गोष्ट केली होती. कंडेन्सर बदलून काम झालं नाही तर पुढं काय, हे तिथंच सांगून टाकलं होतं. मामा आधी कुरकुरले, मग लोक व्हिडिओ बघतील कशाला? पण एक एमएफडीचा आकडा सोडला तर त्या ओळीनं व्हिडिओतलं काही फोडलेलं नव्हतं. आणि चुकीचा कंडेन्सर टाकून मोटर तापवून आणणारं गिऱ्हाईक मामांनाच शिव्या देत येतं. तो आकडा फोडणं परवडतं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं. व्होल्टचा आकडाही जुन्यापेक्षा कमी नको हे घालायचं होतं, पण ओळ लांबली. ते तिसऱ्या ओळीत गेलं.

एक बारकावा नंतर कळला. आपण दोन ओळी वेगवेगळ्या लिहितो, पण पूर्वदर्शनात ओळ मोडत नाही, नुसती एक मोकळी जागा येते. पहिल्या ओळीच्या शेवटी मी आधी पूर्णविराम दिला नव्हता. मथळ्यासारख्या ओळीला पूर्णविराम द्यायचा नाही ही माझी छापखान्यातली सवय. परिणामी "मग हात लावा फक्त सिंगल फेज" असं काहीतरी गंमतशीर तयार झालं. पूर्णविराम टाकला.

मामांना अजून एक हवं होतं. पहिल्याच ओळीत त्यांचा व्हॉट्सॲपचा दुवा, टिचकी मारली की मजकूर आधीच लिहिलेला असेल असा. मुलानं फोनवर त्यांना तो बनवायला शिकवला होता. त्यात मजकूर म्हणून "मोटर" लिहिलं की दुवा असा होतो:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=%E0%A4%AE%E0%A5%8B%E0%A4%9F%E0%A4%B0
```

मोटर या शब्दात चार चिन्हं: म, ओकाराची मात्रा, ट, र. दुव्यात प्रत्येकाची नऊ अक्षरं होतात, म्हणजे एका शब्दाला छत्तीस. अख्खं "कंडेन्सर" टाकलं असतं तर बहात्तर. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवणाऱ्याला खाली टक्क्यांची ही रांग दिसली असती. मी म्हटलं, "मामा, हे बघून कोण उघडेल?" ते बघत राहिले आणि म्हणाले, "माझ्या बिलबुकासारखंच दिसतंय." दुवा खाली गेला आणि मजकुरात मराठीऐवजी नुसता `K17` ठेवला. असा संदेश आला की मामांना कळतं, हा माणूस कंडेन्सरच्या व्हिडिओवरून आलाय. हॅशटॅगही तळाला गेले. ते वर्णनात कुठंही असले तरी त्यातले जास्तीत जास्त तीन शीर्षकाजवळ दिसू शकतात, मग वरच्या ओळी त्यांना कशाला द्यायच्या?

एवढं सगळं नीट जमल्यावर मी घोटाळा केला.

चॅनेलवर चाळीसच्या वर व्हिडिओ होते आणि सगळ्यांच्या माथ्यावर "नमस्कार मंडळी". स्टुडिओमध्ये अनेक व्हिडिओ एकदम निवडून त्यांच्या वर्णनात एकाच वेळी बदल करता येतो: सुरुवातीला घाला, शेवटी घाला, शोधून बदला. सिंगल फेजचे व्हिडिओ निवडून त्यांच्या सुरुवातीला झटक्याची ओळ घालायची, असं मी ठरवलं. रात्रीची वेळ, डोळे जड. यादीच्या डोक्यावरच्या चौकटीवर बरोबरची खूण केली की पानावरचे सगळे व्हिडिओ निवडले जातात, हे लक्षात राहिलं नाही. बदल करण्याआधी परिणाम मान्य आहेत अशी आणखी एक खूण मागतात. तीही मी केली, जशी आपण सगळे करतो. सकाळी मामांचा फोन. बोअरमधून पाइपासकट मोटर चेन-कप्पीनं वर ओढायचा त्यांचा एक लाडका व्हिडिओ आहे. त्याच्या तोंडाशी लिहिलेलं होतं, "मेन पाडला तरी कंडेन्सर झटका देतो; आधी साध्या बल्बनं डिस्चार्ज करा." तिकडं कंडेन्सर दूर पेटीत, इथं तिवईवर दोन माणसं कप्पी धरून उभी. "आता लोक बोअरमध्ये बल्ब सोडतील," मामा म्हणाले.

मागं फिरवायचं बटण मला सापडलं नाही. शोधून बदला वापरून ती ओळ सगळीकडून काढली आणि मग एकेक व्हिडिओ उघडून हातानं लिहिलं. त्यात आठवडा गेला. पण त्या आठवड्यात एक कळलं. हातानं लिहिताना प्रत्येक व्हिडिओची पहिली ओळ वेगळी निघत होती. स्टार्टर सारखा पडतो त्या व्हिडिओत धोका विजेचा नव्हता, धोका होता तो रिलेचा आकडा वाढवून मोटर जाळायचा. पाइप ओढण्याच्या व्हिडिओत पहिली ओळ दोराची आणि माणसांची झाली. फूट व्हॉल्व्हच्या व्हिडिओत धोका काही नव्हताच. तिथं पहिल्या ओळीत नुसती परीक्षा आली: पाइपात वरून पाणी ओता, ते टिकलं तर फुटबॉल बरा, उतरलं तर बदला. म्हणजे साचा शोधायला निघालेलो आम्ही शेवटी एकच गोष्ट धरून बसलो. हा व्हिडिओ न बघताच काम करणाऱ्याचं सगळ्यात जास्त नुकसान कशानं होईल, ते वर. मुलानं बसवलेला आपोआप लागणारा साचा मात्र रिकामा केला नाही. पत्ता, वेळ, सुट्टी, नमस्कार हे सगळं त्यात ठेवलं, फक्त त्याच्या वर तीन मोकळ्या ओळी सोडल्या. त्या भरल्याशिवाय व्हिडिओ टाकायचा नाही, असं मामांनी दुकानातल्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलंय.

यानं प्रेक्षक वाढले का, असं मामांच्या मुलानं विचारलं. त्याला खरं सांगितलं. ॲप उघडल्यावर समोर जे व्हिडिओ येतात तिथं चित्र आणि शीर्षक दिसतं, वर्णन नाही. तिथून येणाऱ्यांवर या दोन ओळींचा जोर चालण्याचं कारण नाही. आणि शीर्षकही त्याच आठवड्यात बदललं होतं, त्यामुळं आकडा हलला असता तरी श्रेय कुणाला द्यायचं हे कळलं नसतं. बदल झाला तो मामांच्या फोनमध्ये. `K17` लिहून येणारे आता बहुतेक सिंगल फेजवालेच असतात आणि कंडेन्सर बदलूनही घूं थांबली नाही इथून बोलायला सुरुवात करतात. मामांचं पहिल्या पाच मिनिटांचं विचारणं वाचलं.

एका गोष्टीला मात्र अजून उपाय मिळालेला नाही. व्हॉट्सॲपवरचं पूर्वदर्शन पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतं आणि संदेशाबरोबर जातं. नंतर यूट्यूबवर वर्णन कितीही सुधारा, आधी गेलेल्या संदेशातलं पूर्वदर्शन बदलत नाही, आणि तोच संदेश कुणी पुढं ढकलला तर जुनं तोंड घेऊनच तो पुढं जातो. गावागावांच्या गटांत मामांचा दुवा असा फिरतोय. परवाच्या रविवारी मी दुकानात बसलो होतो तेव्हा फोन वाजला. मामांनी उचलला, ऐकलं, आणि माझ्याकडं बघून स्पीकर चालू केला. पलीकडचा माणूस विचारत होता, "ते नमस्कार मंडळी, मोटर भाग सतरावाले तुम्हीच ना?"

मामांनी आधी त्याला मेन पाडला का विचारलं. मग बल्बचा होल्डर घरात आहे का ते.